वसुलीचे पैसे नोकराने खाल्ले आणि फिर्यादीत लिहिलं 'चोरी'

नोकराने वसुलीचे पैसे गिळले की मालकाच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'चोरी'. निघणारच. ज्याचे पैसे गेले त्याला त्या वेळी कलमं सुचत नाहीत. पण तोच शब्द फिर्यादीत उतरला की पोलीस ठाण्यात आयतं कोलीत मिळतं: "तुम्हीच पाठवलंत ना त्याला पैसे आणायला? मग चोरी कसली? हिशेबाचा वाद आहे, दिवाणीत जा."

एक घाऊक दुकान धरा. वसुलीच्या मुलाने तीन गिऱ्हाइकांकडून १,१२,०००, ८४,५०० आणि ६१,००० रुपये रोख घेतले, दुकानाच्या पावत्या फाडल्या आणि एक रुपयाही भरला नाही. जाता जाता गल्ल्यातून १८,००० उचलले ते वेगळेच. एकच माणूस, एकच लबाडी, पण गुन्हे दोन.

गल्ल्यातले १८,००० ही चोरी. ते पैसे मालकाच्या ताब्यात आलेले होते आणि त्याच्या संमतीशिवाय हलवले गेले. नोकराने मालकाच्या ताब्यातला माल चोरला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०६ लागतं. उरलेले २,५७,५०० मात्र गल्ल्यापर्यंत पोचलेच नाहीत. ते मालकाच्या वतीने, मालकाच्या परवानगीने त्याच्या हाती आले आणि त्याने ते अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरले. हा फौजदारी विश्वासघात, बोलीभाषेत अपहार. नोकराने केला तर कलम ३१६(४). शिक्षा दोन्हीकडे सात वर्षांपर्यंत आणि दंड. तेच ६१,००० त्याने आधी गल्ल्यात टाकून संध्याकाळी काढले असते, तर तीही चोरीच झाली असती.

शिक्षा सारखीच, मग एवढा काथ्याकूट कशाला? कारण पुरावा वेगळा लागतो. चोरीत दाखवायचं की पैसे ताब्यातून गेले. अपहारात आधी दाखवावं लागतं की पैसे त्याच्यावर सोपवले होते: वसुलीचं काम त्याचंच होतं, अमुक तारखेला त्याने ते घेतले, त्याच दिवशी भरायचे होते, भरले नाहीत आणि ते दडवायला खोटं केलं. नुसता भरणा उशिरा झाला म्हणून गुन्हा होत नाही, हेही खरं. म्हणून खोटी नोंद, लपवलेलं पावतीपुस्तक, "गिऱ्हाइकाने दिलेच नाहीत" हा निरोप, हे सगळं फिर्यादीत तारखेसकट हवं. गिऱ्हाइकाकडची मूळ पावती तर सोन्यासारखी जपा.

आणि जिथे डोळे उघडायला हवे होते ती जागा? पावतीपुस्तक. ४१२ नंतर थेट ४१८. मधल्या पाच स्थळप्रती फाडलेल्या, आणि विचारल्यावर उत्तर, "खराब झाल्या." खराब झालेली पावती रद्द असं लिहून पुस्तकातच राहते, फाडून जात नाही! दुसरी खूण त्याहून वाईट: दुसऱ्या गिऱ्हाइकाचे पैसे पहिल्याच्या खात्यावर, तिसऱ्याचे दुसऱ्याच्या. अशाने कुणाचंच खातं फार जुनं दिसत नाही. थकबाकीचा खातेउतारा वसुलीचा मुलगाच नेऊन देत असेल, तर हे उघडं पडणार तरी कसं? उतारा मालकाकडून थेट गेला पाहिजे. विश्वास ठेवल्याशिवाय वसुली होत नाही, त्यामुळे विश्वास टाकला म्हणून मालकाला वेड्यात काढणाऱ्यांनी स्वतः गावोगाव फिरून पैसे गोळा करावेत.

सापडल्यावर पहिली घाई होते ती त्याच्याकडून 'उसने घेतले, परत करीन' असा स्टँप लिहून घ्यायची. करू नका. वसुलीची रक्कम कर्ज होऊन बसते आणि आरोपीच तो कागद पुढे करतो. लिहून घ्यायचंच तर 'अमुक गिऱ्हाइकाकडून घेतले, भरले नाहीत' एवढंच, आणि तेही धाकदपटशा न करता. दमात घेऊन लिहवलेली कबुली कोर्टात टिकत नाही, उलट केस तुमच्यावर.

ठाण्याचा सगळ्यात संतापजनक डाव म्हणजे "अर्ज ठेवा, आधी चौकशी करतो." नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मधली चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे, तीही उपअधीक्षकांच्या परवानगीने. ३१६(४) ला शिक्षा सात वर्षांपर्यंत, म्हणजे ते त्यात बसत नाही. पण फिर्यादीत 'नोकर' हा शब्द नसला आणि साधं ३१६(२) लागलं, तर शिक्षा पाच वर्षांवर येते आणि तीच पळवाट मिळते. नेमणुकीचा कागद, पगाराची नोंद सोबत जोडाच. तरी नकार दिला तर १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवा, मग दंडाधिकारी.

"चोरी की अपहार ते आधी ठरवून या" असं कुणी सुनावलं तर ऐकून घेऊ नका. कोणता गुन्हा याची शंका असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम २४४ नुसार पर्यायी आरोप ठेवता येतात, आणि एकाचा आरोप ठेवून दुसरा सिद्ध झाला तरी शिक्षा होऊ शकते. "पैसे दुसऱ्या हद्दीत घेतले, तिकडे जा" हेही चालत नाही. जिथे हिशेब द्यायचा होता तिथेही अपहाराचा खटला चालतो, २०१(४) पाहा. एक मात्र सांभाळा: अनेक रकमा एका आरोपात एकत्र धरायच्या असतील तर पहिल्या आणि शेवटच्या तारखेत एका वर्षापेक्षा जास्त अंतर नको, कलम २३५(२). अपहार दीड वर्ष चालला असेल तर रकमांची यादी वर्षावार तोडूनच द्या.