‘30 दिवसांत 10 किलो, नाहीतर पैसे परत’: पैसे भरण्याआधी हे वाचा

आहार सल्ल्याच्या पोस्टखाली असं कॅप्शन दिसलं, तर आधी एक गुणाकार करा. एक किलो चरबी उतरायला ढोबळमानाने 7,700 कॅलरींची तूट लागते. दहा किलोंना 77,000, म्हणजे रोज सुमारे 2,570. घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या मध्यम बांध्याच्या बाईचा दिवसाचा एकूण खर्चच बहुधा 1,800 ते 2,000 कॅलरी असतो. तिने महिनाभर नुसत्या पाण्यावर काढला तरी एवढी चरबी उतरणार नाही.

पुण्यातल्या एका ताईंनी ‘शेवटचे 3 स्लॉट’ वाचून घाईघाईत 6,000 रुपये भरले. थायरॉईडची गोळी चालू आहे का, हेही कुणी विचारलं नाही. भात-पोळी बंद झाली आणि आठवड्यात काटा 3 किलोंनी खाली आला. त्यात बहुतेक पाणीच होतं. पिष्टमय पदार्थांतली साखर शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवतं, आणि त्याच्या एका ग्रॅमसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी साठलेलं असतं. पिष्टमय पदार्थ तोडले की दोन्ही जातात, आणि पुन्हा नीट जेवायला लागलं की परत येतात. नेमका याच आठवड्यात ‘आफ्टर’चा फोटो मागून घेतला: समोरून उजेड, पाठ ताठ, पोट आत. तो लगेच पुढच्या जाहिरातीत लागला. तिसऱ्या आठवड्यात काटा अडला, तेव्हा 3,500 रुपयांची पावडर गळ्यात मारली. पैसे परत मागितल्यावर अट पुढे आली, रोज सकाळी काट्याचा फोटो पाठवायचा होता. एक दिवस तो पाठवायचा राहून गेला होता. या गॅरंट्या अशाच बांधलेल्या असतात. मोडल्या की दोष गिऱ्हाइकाचा.

सल्ला देणाऱ्यांनी कॅप्शनमध्ये वेळ, शुल्क आणि तयारी लिहावी. उदाहरणार्थ:

‘मंगळवार व शुक्रवार, संध्याकाळी 5 ते 8. पहिली भेट 45 मिनिटं, 800 रुपये. पंधरा दिवसांनी दुसरी, 20 मिनिटं, 400 रुपये. तीन दिवसांचं खाणं लिहून आणा, त्यातला एक सुट्टीचा असू द्या. रक्ताचे अलीकडचे अहवाल आणि चालू औषधांची यादी सोबत ठेवा. वजन किती उतरेल हे आधी सांगता येत नाही. वजन करायचं नसेल तर तसं सांगा. आम्ही फोटो मागत नाही. 24 तास आधी कळवल्यास पूर्ण पैसे परत.’

सुट्टीचा दिवस मुद्दाम मागितला आहे, कारण घरोघरी रविवारचं जेवण वेगळं असतं आणि फक्त कामाचे दिवस पाहून केलेला आहार तिथेच मोडतो. ‘फोटो मागत नाही’ हे वाक्यही गाळू नका. अनेकजणी त्याच धास्तीने भेट टाळतात.

पैसे आधीच गेले असतील तर आजच कॅप्शनचा, अटींचा आणि यूपीआय पावतीचा स्क्रीनशॉट काढा. तक्रारीची कुणकुण लागताच पोस्ट उडवली जाते. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तुमचा फोटो काढून टाकण्याची मागणी मात्र जाहिरात करणाऱ्यांना वेगळी, लेखी पाठवा.