नव्या फोनवर ऑथेंटिकेटरचा कोड नाकारला जातो तेव्हा: खाती हलवण्याच्या तीन पद्धतींची तुलना

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्या माझ्या एका परिचितांना त्यांच्या भाच्याने दुबईहून नवा अँड्रॉइड फोन पाठवला. जुन्या फोनमधील गुगल ऑथेंटिकेटरमध्ये, म्हणजे पासवर्डनंतर मागितला जाणारा कोड दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये, त्यांची अकरा खाती होती: ईमेल, संकेतस्थळाचे डोमेन, शेअर दलालाकडील खाते आणि निर्यातीच्या कामाची काही पोर्टले. त्यांनी क्यूआर कोड दाखवून ही खाती नव्या फोनवर आणली. नावे बरोबर दिसू लागली, सहा आकडी कोड दर तीस सेकंदांनी बदलू लागले आणि काम झाले असे त्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी मात्र एकही कोड चालेना. घड्याळ तपासा, असे मी फोनवर सांगितले तेव्हा उत्तर आले, “घड्याळ तर बरोबर आहे की हो, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाशी जुळतंय.”

खाते हलवण्याची कोणती पद्धत निवडावी, या प्रश्नाचे उत्तर या एका घटनेत बरेचसे मिळते, म्हणून आधी तिचा उलगडा करतो.

ऑथेंटिकेटर संकेतस्थळाकडून कोड मागवून घेत नाही. खाते जोडताना आपण जो क्यूआर टिपतो त्यात एक गुप्त किल्ली असते. ती एकदा फोनमध्ये आली की पुढे फोन आणि सर्व्हर आपापल्या जागी, एकमेकांना न विचारता, तोच हिशेब करत राहतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ६२३८ या मानकात हा हिशेब दिला आहे. १ जानेवारी १९७० पासून जागतिक प्रमाणवेळेनुसार किती सेकंद उलटले ते मोजायचे, त्याला ३० ने भागायचे आणि येणारा पूर्णांक व गुप्त किल्ली यांच्यापासून सहा आकडे काढायचे, असे त्याचे स्वरूप आहे.

```
T = floor(unix_time / 30)
```

जाळ्यावर होणारा विलंब लक्षात घेऊन सर्व्हर सहसा तीस सेकंदांचा एखादा टप्पा मागचा-पुढचा चालवून घेतो. घड्याळ काही सेकंद चुकले तर फारसे बिघडत नाही, पण दोन-तीन मिनिटे चुकले की प्रत्येक कोड बाद होतो. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस चुकू नये म्हणून फोनचे घड्याळ पाच मिनिटे पुढे ठेवणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. त्यांचा फोन दहा टप्पे पुढचा कोड दाखवत असतो.

परिचितांच्या फोनचा दोष याहून लपलेला होता. हिशेब जागतिक प्रमाणवेळेवर चालत असल्याने फोनचा कालविभाग चुकीचा असला तरी कोड बिघडत नाही, फक्त पडद्यावरची वेळ वेगळी दिसते. भारताची वेळ प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे आणि दुबईची चार तास. फोन घरी आला तेव्हा त्यात दुबईचाच कालविभाग होता, त्यामुळे सोलापुरात सकाळचे दहा वाजले असताना तो साडेआठ दाखवत होता. त्या क्षणी त्याचे कोड अगदी बरोबर आले असते. परिचितांनी कालविभाग तसाच ठेवला, आपोआप वेळ घेण्याचा पर्याय बंद केला आणि हाताने दहा वाजवले. आता पडद्यावरची वेळ बरोबर दिसू लागली, पण फोनच्या समजुतीने दुबईत दहा वाजले होते, म्हणजे प्रमाणवेळ सहा, आणि प्रत्यक्षात ती साडेचार होती. दीड तास म्हणजे ५४०० सेकंद, अर्थात १८० टप्पे. साडेअकरा वाजता चालला असता असा कोड तो फोन दहा वाजताच दाखवत होता. भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिल्याने ही चूक कधीच सापडली नसती.

उपाय दोन मिनिटांचा होता. सेटिंग्जमध्ये तारीख व वेळ या विभागात जाऊन वेळ आणि कालविभाग हे दोन्ही आपोआप घेण्याचे पर्याय त्यांनी सुरू केले. आयफोनवर हे Settings, General, Date & Time या क्रमाने जाऊन Set Automatically येथे सापडते. त्यानंतर जुना आणि नवा फोन शेजारी ठेवून एकाच खात्याचा कोड पाहायला मी सांगितले. दोन्हीकडे तेच सहा आकडे दिसले.

ही शेजारी ठेवून पाहण्याची परीक्षा लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण दोषाचे मूळ घड्याळात आहे की किल्लीत, हे तिच्यामुळे वेगळे काढता येते. दोन्ही फोनची वेळ आपोआप घेतलेली असूनही कोड वेगळे दिसत असतील तर त्यांतील किल्ल्याच वेगळ्या आहेत. दोन्हीकडे तोच कोड असून संकेतस्थळ तो नाकारत असेल, तर त्या खात्याची नोंदणी मधल्या काळात कधीतरी नव्याने झाली आहे आणि दोन्ही फोनमध्ये जुनी, बाद झालेली किल्ली उरली आहे. अशा वेळी घड्याळाशी कितीही झटापट केली तरी उपयोग नाही, अडचणीच्या वेळेसाठी संकेतस्थळाने आधीच दिलेले राखीव कोड शोधावे लागतात.

आता पद्धतींकडे वळू. फोनची सर्वसाधारण नक्कल करताना ऑथेंटिकेटर अ‍ॅप येते, पण त्यातील किल्ल्या सहसा येत नाहीत, त्यामुळे तो मार्ग येथे विचारात घेतलेला नाही.

पहिली पद्धत निर्यातीच्या क्यूआरची. जुन्या फोनवर Transfer accounts आणि मग Export accounts निवडायचे, नव्या फोनवरून तो क्यूआर टिपायचा. इंटरनेट लागत नाही, पाच मिनिटांत काम होते आणि दोन्ही फोनमध्ये तीच किल्ली राहते, म्हणून जुन्या फोनवरील कोडही चालूच राहतात. हे तिचे मोठे बलस्थान आहे. एका क्यूआरमध्ये साधारण दहाच खाती मावतात आणि उरलेल्यांसाठी दुसरा क्यूआर पुढच्या पडद्यावर येतो, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आमच्या परिचितांचे अकरावे खाते असेच मागे राहिले होते. या क्यूआरमध्ये प्रत्यक्ष किल्ल्याच असतात, त्यामुळे तो ज्याने टिपला त्याला आपले सगळे कोड कायमचे मिळाले असे समजावे. नवी पेठेतील मोबाइलच्या दुकानात “द्या, मी करून देतो” असे कोणी आपुलकीने म्हटले तरी हे काम स्वतःच्या हाताने करावे.

दुसरी पद्धत गुगल खात्याशी समक्रमणाची. ही सोय एप्रिल २०२३ मध्ये आली. नव्या फोनवर त्याच गुगल खात्याने अ‍ॅप उघडले की सगळ्या नोंदी हजर होतात, आणि जुना फोन हरवला किंवा फुटला असेल तर उपयोगी पडणारी या तिघांतील ही एकच पद्धत आहे. पण सुरू झाली तेव्हा तिच्यात टोकापासून टोकापर्यंतचे, म्हणजे खुद्द गुगललाही किल्ल्या वाचता येऊ नयेत असे, कूटबद्धीकरण नव्हते, त्यामुळे गुगल खात्याचा ताबा गेला तर किल्ल्याही जाण्याची शक्यता उरते. शिवाय त्याच गुगल खात्यात शिरण्याचा कोड याच अ‍ॅपमध्ये असेल, तर कपाटाची किल्ली कपाटातच ठेवल्यासारखे होते. एका फोनवर पुसलेली नोंद समक्रमणामुळे दुसऱ्यावरूनही जाते, हेही जुना फोन आवरताना विसरू नये.

तिसरी पद्धत सर्वांत कंटाळवाणी आहे: प्रत्येक संकेतस्थळाच्या सुरक्षा विभागात जाऊन नव्या फोनवर नवी किल्ली घेणे. एका खात्याला पाच-सात मिनिटे धरली तर अकरा खात्यांना साधारण एक ते सव्वा तास जातो. तरीही महत्त्वाच्या खात्यांसाठी मी हीच पद्धत सुचवतो, आणि त्याचे कारण वरच्या घटनेतच आहे. क्यूआर निर्यात आणि समक्रमण या दोन्ही मुक्या पद्धती आहेत. त्या किल्ली हलवतात, पण नव्या फोनचा कोड सर्व्हरला पटतो की नाही हे कोणीच तपासत नाही, आणि ती तपासणी पुढे केव्हातरी, कदाचित जुना फोन विकून झाल्यावर, आपोआप होते. नव्याने नोंदणी करताना मात्र संकेतस्थळ तिथल्या तिथे नव्या फोनवरील कोड मागते आणि तो जुळला तरच नवी किल्ली लागू करते. परिचितांनी ही पद्धत घेतली असती तर दीड तासाची चूक पहिल्याच खात्यावर, जुनी किल्ली शाबूत असताना, उघडकीस आली असती.

या पद्धतीतही दोन ठिकाणी पाय घसरतो. काही संकेतस्थळे आधी जुना ऑथेंटिकेटर बंद करायला लावतात आणि मगच नवा जोडू देतात. तेथे मधल्या काही मिनिटांत दुसरे कुलूप नसते, म्हणून ते काम सुरू केले की पूर्ण करूनच उठावे. दुसरे असे की आधी क्यूआरने आणलेली नोंद आणि नव्या नोंदणीची नोंद अशा एकाच नावाच्या दोन ओळी अ‍ॅपमध्ये दिसू लागतात, आणि माणूस नेमका वरच्या, बाद झालेल्या ओळीतला कोड टाकत बसतो. नवी नोंद जोडताच तिचे नाव बदलावे आणि नव्या कोडने एकदा प्रवेश झाल्यावरच जुनी ओळ काढावी.

एजिससारख्या दुसऱ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमध्ये किल्ल्यांची पासवर्ड घालून बंद केलेली फाइल काढून ठेवता येते आणि अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाणाऱ्या सावध माणसासाठी ती उत्तम आहे. आयफोनकडे जाणाऱ्याला मात्र ते अ‍ॅपच मिळत नाही.

जुना फोन हातात आणि चालू असेल तर माझा सल्ला मिश्र पद्धतीचा आहे. आधी नव्या फोनची वेळ व कालविभाग आपोआप घेण्यावर ठेवावेत. मग सगळी खाती क्यूआरने आणावीत. त्यानंतर ईमेल, पैशांची खाती आणि डोमेन अशा तीन-चार खात्यांची नव्याने नोंदणी करून राखीव कोडही नवे काढावेत. गुगल असे दहा कोड देते आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून घरातील महत्त्वाच्या कागदांत ठेवावेत. जुना फोन आधीच गेलेला असेल आणि समक्रमण सुरू असेल तर दुसरी पद्धतच हाती उरते, आणि तेही नसेल तर राखीव कोडांवाचून मार्ग नाही.

परिचितांनी मग अकराव्या खात्यासाठी दुसरा क्यूआर टिपला आणि चार खाती नव्याने नोंदवली. संगणकावर जिथे आधीपासून प्रवेश केलेला होता तिथून बाहेर न पडता, ब्राउझरच्या खाजगी खिडकीत प्रत्येक खाते नव्या फोनच्या कोडने उघडून पाहिले. अकरापैकी दहा उघडली. एका पोर्टलचा कोड मात्र दोन्ही फोनवर सारखाच दिसत असूनही नाकारला जात होता, आणि कार्यालयातील लेखनिकाने त्याची नोंदणी दिवाळीत स्वतःच्या फोनवर करून घेतल्याचे तेव्हा समजले. जुना फोन ते पोर्टल मार्गी लागेपर्यंत कारखान्याच्या तिजोरीत, चार्जरसकट, ठेवला आहे.