लिक्विडिटी लॉक होती, तरी पैसे गेले

"लिक्विडिटी लॉक आहे, पळून जाणार कुठे?" या एका वाक्याच्या भरवशावर मी २,००० डॉलर लावले. मीम टोकन, म्हणजे इंटरनेटवरच्या विनोदावर काढलेलं क्रिप्टो टोकन, बाजारात येऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती आणि भाव चौपट झाला होता. लॉक म्हणजे टोकन बनवणाऱ्याने खरेदी-विक्रीसाठी ठेवलेला साठा त्याला मध्येच काढून नेता येत नाही. ते लॉक खरंच होतं, मी तपासलंही होतं. पैसे दुसऱ्याच दाराने गेले.

या साठ्याला पूल म्हणतात. तो उघडला तेव्हा त्यात २०,००० डॉलर आणि २ कोटी टोकन होते, म्हणजे भाव ०.००१ डॉलर. अशा पुलात समोर विकणारा माणूस नसतो. डॉलर आणि टोकन यांचा गुणाकार कायम राहील असा भाव सूत्रच काढतं. सुरुवातीलाच काही वॉलेटांनी २०,००० डॉलर टाकून १ कोटी टोकन उचलले. पुलात ४०,००० डॉलर आणि १ कोटी टोकन राहिले, भाव ०.००४. आम्हाला जी तुफान मागणी दिसली, ती एवढीच.

मला साधारण ४,७६,००० टोकन मिळाले. मागून आणखी लोक आले, पुलातले डॉलर ६०,००० झाले, भाव ०.००९ वर गेला. स्क्रीनवर माझे ४,२८५ डॉलर झाले. तेव्हा विकायचं मनातही आलं नाही, कबूल करतो. मार्केट कॅप, म्हणजे सगळ्या २ कोटी टोकनची त्या भावाने किंमत, १,८०,००० डॉलर दिसत होतं आणि पुलात रोकड ६०,०००. म्हणजे सगळ्यांना त्या भावाने बाहेर पडणं शक्यच नव्हतं.

मग त्या वॉलेटांनी आपले १ कोटी टोकन विकले आणि ३६,००० डॉलर काढून नेले. भाव ०.००१४४.

पडझड सुरू झाल्यावर मी थांबलो, ती माझी बिटकॉइनची सवय. तिथे माझ्या २,००० डॉलरने भाव हलतसुद्धा नाही. कोणी मोठा माल काढला, तर खालच्या प्रत्येक भावाला खरेदीच्या ऑर्डर लागलेल्या असतात. तिथेही भाव पडतो, पण त्याला अडवणारं कोणीतरी असतं. इथे खाली फक्त सूत्र होतं. शेवटी विकलं तेव्हा ६६७ डॉलर हाती आले, त्यातूनही फी गेली.

नंतर ब्लॉकचेनवरचे सगळे व्यवहार दाखवणारा ब्लॉक एक्सप्लोरर उघडला. ती सगळी वॉलेटं पहिल्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे व्यवहारांच्या पहिल्याच गठ्ठ्यात, शिरली होती आणि त्यांना पैसे टोकन बनवणाऱ्याच्याच वॉलेटमधून आले होते. हे मी घेण्याआधीही तिथे दिसतच होतं. होल्डर्सची यादी उघडली असती, तर पुलाखालोखाल तीच नावं होती. लॉकमुळे फक्त पुलात ठेवलेला पैसा बांधला जातो. बनवणाऱ्याने दुसऱ्या वॉलेटांतून स्वतःच विकत घेतलेल्या टोकनवर त्याचं काहीच बंधन नसतं.

दोन दिवसांनी त्याच वॉलेटने नवं टोकन आणलं. तिथेही लिक्विडिटी लॉक होती.