दहा मिनिटांची धार बघून मोटरचे पैसे देऊ नका

घरच्या बोरमध्ये सबमर्सिबल सोडायची असेल, तर आमच्या बाबतीत काय घडलं ते आधी वाचा. आम्ही अमळनेर-पारोळा पट्ट्यातले. इथे खाली काळा पाषाण, आणि पाणी त्याच्या फटींमधून येतं. बोर 300 फूट खोल, साडेसहा इंची. बोरगाडीवाल्याने "दोन इंची पाणी आहे" सांगितलं आणि तालुक्याच्या एका दुकानदाराने त्याच शब्दावर 2 एचपीची मोटर दिली. पंप, केबल, पाइप, पॅनल आणि सोडायची मजुरी मिळून 45,000 रुपये.

मोटर 270 फुटांवर सोडली. बटण दाबलं आणि तीन बोटं जाड धार पडायला लागली. दुकानदाराचा माणूस खुश होऊन म्हणाला, "भाऊ, बोरले पानी भरपूर शे!" दहा मिनिटं धार दाखवली, पैसे घेतले आणि गाडी गेली.

फसवणूक त्या दहा मिनिटांतच आहे. ती धार बोरच्या झऱ्याची नव्हती, बोरमध्ये आधीच साचलेल्या पाण्याची होती. साडेसहा इंची बोरच्या प्रत्येक फुटात साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं. आमच्याकडे पाणी 90 फुटांवर उभं होतं. म्हणजे मोटरच्या वर 180 फूट पाणी, साधारण 1,170 लिटर. 2 एचपीची मोटर सुरुवातीला मिनिटाला 70 ते 80 लिटर उपसत होती. वीसेक मिनिटांत ते पाणी संपणारच होतं, आणि दहा मिनिटांवर थांबलं की कुणालाही बोर भरपूर वाटणार. हा धंदा रोज करणाऱ्याला हे माहीत नसतं असं मी मानत नाही.

पुढच्या आठवड्यातच धार तुटायला लागली. पाइपातून फसफस आवाज, थोडं पाणी, मग हवा, पुन्हा थोडं पाणी. पॅनलवरचा काटा 11-12 अँपिअरवरून खाली आला की ओळखा, मोटर कोरडी फिरतेय. हे मला त्या वेळी कुणी सांगितलं नाही. सबमर्सिबल मोटर भोवतालच्या पाण्यानेच थंड राहते आणि पंपाच्या बेअरिंगलाही पाणीच लागतं. एका दुपारी ती बंद पडली. बाहेर काढून उघडली तेव्हा आतले पाणी वर ढकलणारे प्लॅस्टिकचे इम्पेलर वितळून एकमेकांना चिकटले होते आणि वाइंडिंगला जळक्या वार्निशचा वास येत होता.

दुकानदार म्हणाला, "व्होल्टेजमुळे जळाली, गॅरंटीत बसत नाही." त्यावर सल्ला असा, की मोटर कमी पडली, 3 एचपी घ्या, रावेरकडे सगळे मोठ्याच नेतात. रावेर-यावलकडे तापीचा गाळ आहे. तिथल्या खोल बोरांचं गणित आमच्या पाषाणाला लावणं म्हणजे सरळ लबाडी. पाणी कमी असलेल्या बोरमध्ये मोठी मोटर जास्त पाणी काढत नाही, लवकर कोरडी पडते, एवढंच.

मग दुसऱ्या गावाहून एका जुन्या मिस्त्रींना आणलं. आमच्याकडे सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांनी उधारीवर आणलेली 1 एचपीची मोटर सोडली आणि पाणी तुटेपर्यंत चालवली. तुटल्यावर व्हॉल्व्ह आवळत आवळत अशा जागी आणला की धार बारीक झाली पण अखंड राहिली. ती अर्धा दिवस तशीच चालू दिली आणि 20 लिटरची बादली लावून वेळ मोजली. बादली भरायला जवळजवळ अडीच मिनिटं लागली. म्हणजे मिनिटाला 8 लिटर, तासाला 500 च्या आत-बाहेर. हेच बोरचं खरं पाणी. ही चाचणी एप्रिल-मे महिन्यात करा. दिवाळीनंतर केलेली चाचणी उन्हाळ्यात उपयोगाची नसते.

आबांनी आणखी एक गोष्ट समजावली. बोरवाले इंचात सांगतात ते खाचेच्या पत्र्यावरून वाहणाऱ्या पाण्याची उंची असते. 90 अंशाच्या खाचेवर 1 इंच म्हणजे तासाला साधारण 500 लिटर, पण 2 इंच म्हणजे जवळपास 2,900. इंच निम्मा झाला की पाणी निम्मं होत नाही, सहावा हिस्सा उरतो. आमचं पाणी 1 इंची होतं. म्हणून बोरवाल्याला पत्रा लावूनच मोजायला सांगा आणि उंची स्वतः बघा.

आता निवड कशी करायची. उपसताना पाणी जिथवर खाली जातं तिथून मोजा. आमच्याकडे ते 250 फूट, त्यात पाइपातल्या घर्षणाचे 15 धरले, म्हणजे 265 फूट, साधारण 80 मीटर. पाणी जमिनीखालच्या टाकीतच सोडायचं होतं, म्हणून आणखी उंची धरली नाही. थेट गच्चीवर चढवायचं असेल तर ती उंची मिळवा. मग दुकानात पंपाचा तक्ता मागा आणि 80 मीटरवर मिनिटाला किती लिटर मिळतं ते बघा. पाटीवरच्या कमाल हेडकडे बघून घेऊ नका, त्या उंचीवर पाणी शून्य असतं. स्टेज म्हणजे पंपात एकावर एक बसवलेले इम्पेलर. 1 एचपीचा योग्य स्टेजचा पंप 80 मीटरवर साधारण 25 लिटर देतो. आमच्या पाच माणसांना दिवसाला 700 लिटर लागतं. म्हणजे अर्धा तास मोटर चालली की काम झालं, आणि तेवढं पाणी बोरमध्ये साचलेलंच असतं. बोर पुन्हा भरायला दीड तास पुरतो. कोरडी फिरली तर मोटर बंद करणारा ड्राय रन प्रोटेक्टर मात्र हवाच.

त्याच दुकानदाराने "मोटर मोठी तर टाकीही मोठी" म्हणत 15,000 लिटरची टाकी खणायचा सल्ला दिला होता, तीही ओळखीच्या गवंड्याकडून. सुदैवाने खणायला सुरुवात झाली नव्हती. आमचं बोर ती भरायला 30 तास घेईल, आणि भरलेलं पाणी तीन आठवडे साचून राहील. टाकी मोटरवरून ठरत नाही, नळाच्या पाळीवरून ठरते. आमचा नळ चार दिवसांनी येतो. एक पाळी चुकली तर आठ दिवस काढायचे, म्हणजे 5,600 लिटर. 6 फूट लांब, 6 फूट रुंद आणि साडेपाच फूट पाणी म्हणजे 198 घनफूट. एका घनफुटात 28.3 लिटर. बरोबर तेवढंच होतं. वर अर्धा फूट मोकळा ठेवला. बोरचं पाणी नळ चुकला तरच वापरतो.

पहिल्या बिलावर फक्त "सबमर्सिबल सेट 2 एचपी" लिहिलं होतं. ना स्टेज, ना सीरियल नंबर, ना मॉडेल. तक्रार करायला गेलो तर हातात काहीच नव्हतं. नवा पंप घेताना मॉडेल, स्टेज, सीरियल नंबर, 80 मीटरला मिनिटाला किती लिटर आणि आयएस 8034 चा आयएसआय शिक्का, हे सगळं बिलावर लिहून घेतलं, आणि मोटर सोडल्यावर तासभर चालवून बादलीने मोजल्याशिवाय पैशांचा शेवटचा हप्ता देणार नाही असं दुकानातच सांगितलं. दुकानदार नाराज झाला, पण तयार झाला.