ट्रेकिंग अ‍ॅपमधला उंचीचा ग्राफ: काही महिने वापरल्यानंतर

मागच्या अपडेटमध्ये या अ‍ॅपने 'एकूण चढाई' हा आकडा वर्गणीदारांसाठी राखून ठेवला. फुकट वापरणाऱ्यांना आता वाटेचं अंतर, अंदाजे वेळ आणि उंचीचा ग्राफ एवढंच दिसतं. मी वर्गणी भरलेली नाही आणि भरणारही नाही. जो आकडा ते विकतायत तो त्याच ग्राफमधून दहा मिनिटांत काढता येतो. गेले काही महिने मी प्रत्येक वाटेचा स्क्रीनशॉट घेऊन हेच करते आहे. नकाशे, ट्रॅक रेकॉर्डिंग, ऑफलाइन डाउनलोड याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, त्यात मी पडत नाही. मला बोलायचंय ते फक्त ग्राफबद्दल, कारण वाट निवडताना माझा निर्णय त्याच्यावर ठरतो.

आधी तक्रार. ग्राफ स्क्रीनच्या चौकटीत बसावा म्हणून अ‍ॅप तो उभा ताणतं, आणि किती ताणलाय ते कुठेच सांगत नाही. दहा किलोमीटरच्या वाटेवर ६०० मीटरचा डोंगर असो की ६० मीटरचं टेकाड, दोन्ही स्क्रीनवर सारखेच उंच दिसतात. एकाच्या ग्राफमध्ये उभी भिंत दिसते तिथे प्रत्यक्षात दम काढणारा चढ असतो, दुसऱ्याच्या तशाच भिंतीवर सायकल चालवता येईल. ग्रुपवर कोणीतरी स्क्रीनशॉट टाकतं आणि लोक नुसता आकार बघून 'बापरे' म्हणत येणं रद्द करतात. सपोर्टला लिहिलं, तर उत्तर आलं की ग्राफ आपोआप स्क्रीनच्या मापाचा होतो आणि ही सोय आहे. ताण ५ पट आहे की ५० पट, हा एक आकडा कोपऱ्यात छापायला काय अडचण आहे हे मी पुन्हा विचारलं. त्यावर उत्तर नाही.

म्हणून ताण स्वतःच काढायचा. एका वाटेचं उदाहरण घेते, कारण तिच्यात सगळ्या गोष्टी आहेत. वाट एका बाजूने चढून माथ्यावरून दुसऱ्या बाजूला उतरते, अंतर १० किलोमीटर. स्क्रीनशॉट कॉम्प्युटरवर कुठल्याही चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये उघडला की कर्सर जिथे असेल तिथले पिक्सेल खाली दिसतात. आडव्या अक्षावर '०'ची खूण ८० व्या पिक्सेलवर आणि '१० किमी'ची १०८० वर. म्हणजे १००० पिक्सेलमध्ये १०,००० मीटर, एका पिक्सेलला १० मीटर. उभ्या अक्षावर '४०० मी'ची रेघ ४२० वर आणि '१००० मी'ची १२० वर (पिक्सेल वरून खाली मोजले जातात, म्हणून आकडे उलटे). ३०० पिक्सेलमध्ये ६०० मीटर, एका पिक्सेलला २ मीटर. १० भागिले २, ताण ५ पट.

मोजमाप नेहमी खुणांच्या रेघांवरून घ्यावं, चित्राच्या कडेवरून नाही. वर-खाली मोकळी जागा सोडलेली असते आणि उभा अक्ष शून्यापासून सुरूही होत नाही. स्क्रीनशॉट मेसेजमधून आला असेल तर तो लहान झालेला असतो, पण खुणाही त्याच प्रमाणात लहान होतात, त्यामुळे हिशोब बिघडत नाही. फक्त मोजणी त्याच चित्रावर पुन्हा करायची.

आता एकूण चढाई. ग्राफची रेघ जिथे जिथे वळते, म्हणजे चढ संपून उतार लागतो किंवा उलट, तेवढेच बिंदू टिपायचे. या वाटेवर ते असे आले: सुरुवात ४५० मीटर, पहिली सोंड ६४०, तिथून खिंडीत ५६०, मग पठाराची कड ७८०, छोटी उतरण ७३०, माथा ९३०, शेवट ५००. चढांचीच बेरीज करायची: १९०, २२० आणि २०० मिळून ६१० मीटर. उतारांची बेरीज ८०, ५० आणि ४३० मिळून ५६०. ताळा असा करायचा की सुरुवातीच्या ४५० मध्ये ६१० मिळवून ५६० वजा केले की शेवटची उंची, ५००, यायला हवी. येते. बरेच जण माथ्यातून पायथा वजा करून ४८० मीटर म्हणतात. पण मधे खिंडीत आणि पठारानंतर गमावलेले १३० मीटर पायांना परत चढावेच लागतात.

इथे या अ‍ॅपबद्दलचं माझं मत बदललं. वर्गणी भरलेल्या एका मैत्रिणीने याच वाटेचा अ‍ॅपचा आकडा पाठवला: ७६० मीटर. आधी वाटलं की आकडा काढून घेऊन त्यांनी अन्यायच केलाय, आता वाटतं की फार काही गेलं नाही. हे ७६० कोणाच्या तरी फोनने चालताना रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकची बेरीज आहे. जीपीएसची उंची आडव्या स्थानापेक्षा जास्त चुकते आणि दर थोड्या सेकंदांनी थोडी वर-खाली होत राहते. आपण झाडाखाली पाणी पीत उभे असलो तरी ट्रॅकमध्ये एक मीटर चढलं, एक मीटर उतरलं असं नोंदलं जातं. चार तासांच्या ट्रॅकमध्ये असे हजारो बिंदू असतात आणि अ‍ॅपने बारीक चढउतार गाळले नाहीत तर सगळे बेरजेत जातात. ग्राफमध्ये मात्र एक पिक्सेल २ मीटरचा असल्यामुळे ही थरथर रेघेच्या जाडीतच विरते. वळणाचे बिंदू टिपताना १० मीटरपेक्षा लहान लचके मी सोडून देते, त्यामुळे गाळणी आपोआप होते.

म्हणून फुकटच्या स्क्रीनशॉटवरून काढलेले ६१० मला विकतच्या ७६० पेक्षा जास्त भरवशाचे वाटतात. अर्थात सोडून दिलेल्या लचक्यांपैकी काही खरेही असतात, विशेषतः धारेवरून जाणाऱ्या वाटेवर. तेव्हा ६१० ही खालची बाजू समजावी. अ‍ॅपचा आकडा फुगलाय का हे ओळखायचं असेल तर तळ्याच्या काठाने जाणारा सपाट तुकडा बघावा. सपाट तुकड्यावरही पन्नासेक मीटर चढाई दाखवत असेल तर ती थरथरच आहे.

एका ठिकाणी मात्र ग्राफवरही विश्वास ठेवू नये. डोंगराच्या पोटातून आडव्या जाणाऱ्या वाटेवर अ‍ॅप कधीकधी उंची फोनकडून न घेता उपग्रहांच्या नकाशावरून घेतं. जगभर सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसआरटीएम नकाशासाठी २००० साली अंतराळयानातून रडारने मोजणी झाली आणि त्याची बारीकातली बारीक घरं साधारण ३० मीटरची आहेत. ४० टक्के कलाच्या उतारावर ट्रॅक २५ मीटर बाजूला सरकला तरी उंची १० मीटरने चुकते. मग सरळ आडवी वाट ग्राफमध्ये करवतीच्या दात्यांसारखी दिसते. असे सारख्या अंतराचे दाते दिसले की ते बेरजेत धरायचे नाहीत.

सर्वांत तीव्र चढासाठी रेघेचा सर्वांत उभा तुकडा शोधायचा. या वाटेवर तो माथ्याच्या जरा खाली आहे: २० पिक्सेल आडवा, ४० पिक्सेल उभा. म्हणजे २०० मीटर अंतरात ८० मीटर उंची.

```
चढ % = उंचीतला फरक / आडवं अंतर × 100
     = 80 / 200 × 100 = 40 %
```

४० टक्के म्हणजे साधारण २२ अंश. स्क्रीनवर हीच रेघ ६३ अंशांवर उभी दिसते, आणि माझी सगळी चिडचिड या फरकाबद्दल आहे. ४० टक्क्यांचा चढ दमवतो, मुरमाड असेल तर पाय घसरतो, पण तो चालायचा चढ आहे, हात लावून चढायचा नव्हे.

मोजायचा तुकडा फार लहान घेऊ नये. २० पिक्सेलच्या तुकड्यात दोन्ही बाजूंना एकेक पिक्सेल चुकला तर उत्तर ३७ ते ४३ टक्क्यांत राहतं. तेच ५ पिक्सेलचा तुकडा घेतला तर तीच चूक ३० पासून ५५ टक्क्यांपर्यंत काहीही दाखवते. शिवाय ग्राफ नकाशावरून आला असेल तर १२ मीटरचा सरळ कातळटप्पा ३० मीटरच्या घरात पसरतो आणि ४० टक्क्यांचा निरुपद्रवी चढ बनून समोर येतो. दोराची गरज आहे का हे ग्राफवरून कधीच ठरवू नका, त्यासाठी तिथे जाऊन आलेल्या माणसाचे फोटो बघा. याच्या उलट, वळणावळणाची वाट कोणी नकाशावर सरळ रेघ मारून आखली असेल तर अंतर कमी आणि चढ खोटाच तीव्र येतो.

राहिला वेळ. अ‍ॅप या वाटेला अडीच तास म्हणतं. दोन-तीन वेगवेगळ्या वाटांची अंतरं त्यांच्या वेळांनी भागून बघा. प्रत्येक वेळी ताशी ४ किलोमीटर येत असेल तर अ‍ॅपने चढ धरलेलाच नाही. इथे तेच झालंय. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला हिशोब आजही कामाचा आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला एक तास. १० किलोमीटरचे २ तास, ६१० मीटरचा १ तास, एकूण ३ तास. पण हे चपळ, हलक्या पाठीच्या माणसाचे.

आमच्यासारख्या मिश्र ग्रुपला जर्मन पद्धत लागू पडते. ताशी ३०० मीटर चढ, ५०० मीटर उतार आणि ४ किलोमीटर आडवं अंतर धरायचं. ६१० चढायला २ तास २ मिनिटं, ५६० उतरायला १ तास ७ मिनिटं, मिळून ३ तास ९ मिनिटं. १० किलोमीटरचे अडीच तास. या दोनमधला मोठा आकडा पूर्ण घ्यायचा आणि लहानाचा निम्मा मिळवायचा: ३ तास ९ मिनिटं अधिक सव्वा तास, म्हणजे ४ तास २४ मिनिटं. थांबे वेगळे. आम्हाला प्रत्यक्षात चालायला सव्वाचार तासांच्या आसपास लागले. अडीच तासांवर विसंबून दुपारी निघालेला ग्रुप शेवटचा ४३० मीटरचा उतार अंधारात उतरेल, आणि वेळेचा हा आकडा अ‍ॅप सगळ्यांना फुकट दाखवतं.

मी तीन तारे देते आहे. चढाई लपवल्याबद्दल एकही कापलेला नाही, दोन्ही कापलेत ते ताण न सांगितल्याबद्दल आणि त्या वेळेच्या आकड्याबद्दल. ताजी आवृत्ती घेतलेल्यांनी फोन आडवा करून स्क्रीनशॉट घ्यावा. उभ्या फोनपेक्षा आडव्या अक्षाला दुपटीच्या आसपास पिक्सेल मिळतात, उभ्या अक्षावर जास्त रेघा येतात, आणि तीव्र चढाचा तुकडा मोजताना चूक त्या मानाने कमी होते.