टिंकरकॅडचा पहिला तास: कीचेन की पेनस्टँड?

टिंकरकॅड हे ब्राउझरमध्ये चालणारं थ्रीडी डिझाइनचं साधन. त्यावर सहावी-सातवीच्या पहिल्या तासाला मुलांकडून काय करून घ्यायचं?

कीचेनला ६०×२०×३ मिमीची पट्टी, त्यावर नाव आणि ५ मिमीचं भोक पुरतं. नेहमीची गफलत म्हणजे अक्षरांची उंची २ मिमी ठेवली की ती पट्टीतच गडप होतात, ५ ठेवा. भोकाचा सिलिंडर Hole करूनही Group केलं नाही, तर तो नुसता पट्टेरी दिसतो, भोक पडत नाही.

पेनस्टँडला आतला Hole ठोकळा ३ मिमी वर उचलावा लागतो, नाहीतर तळच उरत नाही. बाजूने बघायची सवय मात्र इथेच लागते. छपाईला कित्येक तास जातात.

एकच तास आणि एकच थ्रीडी प्रिंटर असेल, तर कीचेन. लागोपाठ दोन तास मिळाले आणि छपाई करायचीच नसेल, तर पेनस्टँड.