खरेदीखताचं इंग्रजी भाषांतर : आठ महिने वापरल्यानंतर

माझा भाचा कॅनडात जन्मला आणि तिथेच वाढला. मराठी बोलतो, पण वाचता येत नाही. त्याने धुळ्याजवळ महामार्गालगतच्या ले-आउटमध्ये वाणिज्य वापराचा बिनशेती प्लॉट घेतला. इथली सगळी धावपळ मुखत्यार म्हणून माझ्याकडे होती. त्याने तिकडे घरावर कर्ज काढलं होतं, म्हणून तिकडच्या बँकेला आणि वकिलाला नोंदणी झालेलं खरेदीखत आणि सातबारा इंग्रजीत हवा होता. आम्ही भाषांतर दोनदा करून घेतलं. पहिलं कुचकामी निघालं, दुसरं आजही वापरात आहे. कोणाला असं काम करून घ्यायचं असेल तर आमचा अनुभव उपयोगी पडेल.

पहिलं भाषांतर एका मोठ्या शहरातून ऑनलाइन मागवलं. तीन दिवसांत आलं, कागद देखणा, शिक्का वगैरे सगळं. आठवड्याने भाच्याचा फोन आला. "मामा, ही शेतजमीन आहे का? वकील म्हणतात, ओसीआय कार्डवाल्याला शेतजमीन घेताच येत नाही." त्याचं म्हणणं कायद्याने बरोबरच होतं. ओसीआय कार्डधारकाला घर किंवा व्यापारी मिळकत घेता येते. शेतजमीन, मळा, फार्महाऊस नाही. पण आमचा प्लॉट बिनशेती. मग गडबड कुठे झाली?

खरेदीखतात मिळकतीचं वर्णन नेहमीच्या पद्धतीने होतं : तुकडी जिल्हा धुळे, पोटतुकडी तालुका धुळे, मौजे अमुक शिवारातील गट नंबर, त्यातील बिनशेती प्लॉट नंबर १४, क्षेत्र ५४० चौरस मीटर. भाषांतरात 'शिवार'चं 'फील्ड्स' झालं होतं, म्हणजे प्लॉट 'गावाच्या शेतांमध्ये' गेला. आपल्याला शिवार म्हणजे गावाची महसुली हद्द हे सांगावं लागत नाही. तिकडच्या वकिलाने मात्र 'फील्ड्स' वाचलं आणि फाईल बाजूला ठेवली. त्यात सातबाऱ्यावरचं क्षेत्र ०.०५.४० असं होतं. ते शून्य हेक्टर, पाच आर, चाळीस चौरस मीटर, म्हणजे पाचशे चाळीस चौरस मीटर. भाषांतरकाराने 'आर'चं 'एकर' केलं. ५.४० एकर म्हणजे जवळपास २१,८५० चौरस मीटर. शेतात आणि तेही पाच एकर, हे वाचून कोणीही शेतजमीनच समजेल.

दुसऱ्या वेळी मी धुळ्यातल्याच एका निवृत्त दस्तलेखकांकडे गेलो. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी खरेदीखतंच लिहिली आणि इंग्रजीही चांगलं आहे. नऊ पानांना बारा दिवस लागले, पैसेही पहिल्यापेक्षा जास्त गेले. त्यांची रीत अशी की महसुली शब्द इंग्रजी लिपीत तसाच ठेवायचा आणि तळटीपेत त्याचा अर्थ द्यायचा. शिवार तसंच राहिलं, खाली 'गावाची महसुली हद्द'. बिनशेती आदेशाचा क्रमांक, तारीख आणि मंजूर वापर वाणिज्य, हे पहिल्याच पानावर आलं. वकिलाची शंका तिथेच मिटली.

चतुःसीमेचं काम मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं. पहिल्या भाषांतरात पूर्वेला 'अप्लिकेबल प्लॉट नंबर १३' असं काहीतरी होतं. मुळात 'लागू प्लॉट नं. १३' आहे. काका म्हणाले, "लागू म्हंजे लागेल शे, भाऊ. आठे कायदा लागू नही होत." लागू म्हणजे लगतचा, एवढं साधं. दक्षिणेच्या 'बखळ जागे'ची आधीच्याने पडकी इमारत केली होती. काकांनी मोकळी, बांधकाम नसलेली जागा लिहिलं.

मग त्यांनी बोट ठेवलं ते पश्चिमेवर. तिथेही 'लागू प्लॉट नं. १३' होतं. एकच प्लॉट दोन्ही बाजूंना कसा असेल? मंजूर नकाशात पश्चिमेला १५ होता. मसुदा टाईप करताना ओळ कॉपी झाली होती आणि नोंदणीच्या वेळी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. मी म्हटलं, भाषांतरात १५ करून टाका. त्यांनी साफ नकार दिला. भाषांतरात १३ तसाच राहिला, तळटीपेत 'मूळ दस्तात असेच आहे, मंजूर नकाशात १५' अशी नोंद. त्यांचंच बरोबर होतं. क्षेत्र आणि चतुःसीमा जुळल्या नाहीत तर कोर्ट साधारणपणे चतुःसीमेला वजन देतं, मग ती भाषांतरात परस्पर दुरुस्त करून मूळ दस्तातली चूक थोडीच जाणार होती? आम्ही विक्रेत्याला गाठून चूकदुरुस्ती लेख नोंदवला. पाच महिन्यांनी मोजणीची क प्रत आली, तेव्हा भाच्याने तिकडे बसून चारही बाजू स्वतः जुळवून पाहिल्या.

बोजाच्या मजकुरात खरा फरक कळला. आपल्या खरेदीखतात लांबलचक वाक्य असतं : सदर मिळकत गहाण, दान, बक्षीस, लीज, जप्ती, अन्नवस्त्र वगैरे कोणत्याही बोजात गुंतवलेली नाही, तसं काही निघाल्यास त्याचं निवारण लिहून देणार यांनी स्वखर्चाने करून द्यायचं. पहिल्या भाषांतरात एवढ्याची एक ओळ झाली : मिळकत बोजारहित आहे. शेवटचा अर्धा भाग, म्हणजे विक्रेत्याने घेतलेली जबाबदारी, गायबच. तिकडच्या वकिलाला वाटलं की कुठल्या तरी कार्यालयाने खात्री दिली आहे. ते तर विक्रेत्याचं स्वतःचं कथन. काकांनी प्रत्येक शब्द वेगळा ठेवला. 'अन्नवस्त्र' शब्दशः केलं तर जेवण आणि कपडे होतं. त्यांनी लिहिलं, कुटुंबातल्या व्यक्तीचा पोटगीचा मिळकतीवरचा हक्क. खाली टीपही दिली की हे विक्रेत्याचं निवेदन आहे, स्वतंत्र पडताळणीसाठी वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट पाहावा. तो आम्ही सोबत जोडला.

सातबाऱ्यावर इतर हक्कांत सोसायटीच्या जुन्या कर्जाची नोंद कंसात होती. आपल्याकडे कंस म्हणजे नोंद कमी झाली. इंग्रजी वाचणाऱ्याला कंस म्हणजे जादा माहिती वाटते, त्यामुळे पहिल्या वेळी ते कर्ज त्यांना चालू दिसलं. काकांनी फेरफार क्रमांक देऊन 'ही नोंद रद्द झालेली आहे' असं लिहिलं. बँकेने त्यावर पुन्हा काही विचारलं नाही.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. चौरस मीटरसोबत त्यांनी ५,८१३ चौरस फूट हा आकडाही मूळ मजकुरातच घातला. दस्तात तो नाही. बँकेने दस्तातलं क्षेत्र कोणतं हे विचारलं आणि ते पान पुन्हा करावं लागलं. गट नंबरातला 'क' एका पानावर 'सी' आणि दुसऱ्यावर 'के' झाला होता. तोही आमच्याकडूनच पकडला गेला, त्यामुळे हाती आल्यावर गट, प्लॉट, क्षेत्र आणि दस्त क्रमांक प्रत्येक पानावर मुळाशी जुळवून बघाच.

तरी मी पुन्हा त्यांच्याकडेच जाईन, नव्हे, गेलोच आहे. भाचा त्याच ले-आउटमधला आणखी एक प्लॉट घेतोय. या वेळी नोंदणीआधी मसुदाच काकांना दिला आहे आणि चतुःसीमेचं पान मंजूर नकाशासोबत कालच भाच्याला पाठवलं.